रॅम्प दिला की सपाट रेघ: डिफरन्शिएटरचा मायक्रो प्रोजेक्ट पूर्ण होईपर्यंत

डिप्लोमाच्या चौथ्या सेमिस्टरला ऑप-अँपचा विषय असतो आणि त्याच्या टर्म वर्कमध्ये मायक्रो प्रोजेक्ट. जानेवारी २०२४ मध्ये विषयांच्या चिठ्ठ्या निघाल्या, तेव्हा माझ्या वाट्याला ‘ऑप-अँप डिफरन्शिएटर: रॅम्प इनपुटला मिळणारे आउटपुट’ आलं. एप्रिलमध्ये एक्स्टर्नलसमोर तोंडी झाली आणि फाइल जमा झाली. यवतमाळ जिल्ह्यातल्या माझ्या गावाकडून तालुक्याच्या पॉलिटेक्निकला जाणारी आणखी मुलं-मुली पुढच्या वर्षी याच विषयाला बसतील. त्यांच्यासाठी झालं तसं लिहून ठेवते.

आधी कागदाचं. मायक्रो प्रोजेक्टचे दोन भाग असतात. भाग ‘अ’ म्हणजे काय करणार, कसं करणार, कधीपर्यंत करणार, सामान किती लागणार. भाग ‘ब’ म्हणजे प्रत्यक्षात काय झालं. भाग ‘अ’वर गाइडची सही झाल्याशिवाय स्टोअरमधून काहीही मिळत नाही, आणि स्टोअरच्या मागणीपत्रावर पुन्हा विभागप्रमुखांची सही लागते. आमच्या गाइड मॅडम आठवड्यातून ठरावीक दिवशीच सह्या करायच्या, त्यामुळे एक सही राहिली की पुढचा आठवडाच. दोन्ही कागद एकाच दिवशी तयार ठेवावेत आणि साप्ताहिक नोंदीचा तक्ता पहिल्या दिवसापासून भरावा. तो शेवटी एका बैठकीत भरला की ते ओळखू येतं, शिवाय आपल्यालाही मधलं काही आठवत नाही.

भाग ‘अ’मध्ये मी जे गणित मांडलं त्यावरच पुढचं सगळं उभं राहिलं. डिफरन्शिएटरमध्ये इनपुट एका कपॅसिटरमधून ऑप-अँपच्या इन्व्हर्टिंग पायाला जातं, आणि आउटपुटपासून त्याच पायापर्यंत एक रेझिस्टर असतो. तो पाय शून्य व्होल्टवर धरून ठेवण्याचं काम ऑप-अँप करतो. म्हणून कपॅसिटरमधून जेवढा करंट येतो तेवढाच रेझिस्टरमधून जातो. कपॅसिटरचा करंट व्होल्टेजवर नाही, व्होल्टेज किती वेगाने बदलतंय यावर ठरतो. त्यावरून सूत्र येतं:

```
Vout = -Rf × C × (dVin/dt)
```

रॅम्प म्हणजे एकाच वेगाने चढत जाणारं व्होल्टेज. वेग बदलत नाही म्हणून करंट बदलत नाही, आणि करंट बदलत नाही म्हणून आउटपुट एका जागी उभं राहतं. इनपुट चढत असताना आउटपुट उणे बाजूला सपाट, उतरत असताना अधिक बाजूला सपाट. प्रत्यक्षात रॅम्प कायम चढत राहू शकत नाही, म्हणून प्रयोगात त्रिकोणी लहर देतात, म्हणजे चढता आणि उतरता रॅम्प आळीपाळीने. आउटपुटला चौकोनी लहर दिसायला हवी.

मी किमती अशा घेतल्या: Rf १०० किलोओहम, C ०.०१ मायक्रोफॅरड. दोन्हींचा गुणाकार १ मिलिसेकंद, त्यामुळे हिशेब तोंडी होतो. त्रिकोणी लहर ५०० हर्ट्झची, उणे २ पासून अधिक २ व्होल्टपर्यंत. म्हणजे १ मिलिसेकंदात ४ व्होल्ट चढ, अर्थात सेकंदाला ४००० व्होल्ट. कपॅसिटरमधला करंट ४० मायक्रोअँपिअर आणि १०० किलोओहमवर त्याचे बरोबर ४ व्होल्ट. आउटपुट उणे ४ आणि अधिक ४ यांच्यात उड्या मारणार.

फेब्रुवारीत सामान जमवलं. स्टोअरमधून ७४१ हे ऑप-अँपचे आयसी मिळाले, रेझिस्टर मिळाले. कपॅसिटर मात्र सिरॅमिक चकतीचेच होते. त्यांची किंमत लिहिलेल्यापेक्षा बरीच कमीजास्त निघू शकते आणि आपल्या सूत्रात C थेट गुणला जातो, म्हणून मला पॉलिएस्टरचे हवे होते. यवतमाळला चौकशी केली, मिळाले नाहीत. मामाकडे नागपूरला जाणं होतंच, तेव्हा सीताबर्डीवरून आणले. एसटीत महिला सन्मान योजनेचं अर्धं तिकीट लागतं म्हणून प्रवास परवडला. ब्रेडबोर्ड, ७४१ चे जादा नग, ९ व्होल्टच्या बॅटऱ्या, कपॅसिटर आणि सुटे रेझिस्टर मिळून तीनशे रुपयांच्या आत भागलं. मोठा खर्च होता छोट्या ऑसिलोस्कोप किटचा, दीड हजाराच्या आसपास. तो आम्ही चौघी मैत्रिणींनी मिळून घेतला. परवडत नसेल तर लॅबवरही काम होतं, पण आमच्या लॅबमध्ये आठवड्यातून एकदाच हात लागायचा.

लॅबमध्ये पहिल्यांदा सर्किट लावलं तेव्हा मॅन्युअलमध्ये होतं तसंच लावलं: कपॅसिटर, रेझिस्टर, ७४१, अधिक-उणे १२ व्होल्ट. फंक्शन जनरेटरमधून त्रिकोणी लहर दिली. चौकोनी लहर आली, ४ व्होल्टवर सपाटही झाली. फक्त प्रत्येक उडीनंतर ती साडेसात व्होल्टच्या पुढे जायची, मागे यायची, पुन्हा थोडी पुढे जायची आणि मग शांत व्हायची. पाव मिलिसेकंदात सगळं स्थिर. मॅडम म्हणाल्या, “हे रिंगिंग आहे, नोंदवून ठेव. का होतं ते भाग ‘ब’मध्ये लिहायचं.”

ते ‘का’ मला घरी कळायला लागलं. घरी फंक्शन जनरेटर नव्हता, म्हणून मी दोन ७४१ वापरून त्रिकोणी लहर तयार केली: एक श्मिट ट्रिगर, एक इंटिग्रेटर. प्रीसेट फिरवून ५०० हर्ट्झ आणि ४ व्होल्ट जुळवले. वीज कधी जाईल याचा भरवसा नाही, म्हणून सगळं दोन बॅटऱ्यांवर चालवलं, अधिक-उणे ९ व्होल्ट. ज्यांच्या गावात लोडशेडिंग आहे त्यांनी हेच करावं. तिन्ही ७४१ मिळून जेमतेम ५ मिलिअँपिअर घेतात.

तोच डिफरन्शिएटर, तेच कपॅसिटर, तोच रेझिस्टर. पण या वेळी पडद्यावर चौकोनी लहर ओळखूच येईना. प्रत्येक उडीनंतर आउटपुट बॅटरीच्या टोकापर्यंत जाऊन चपटं व्हायचं आणि मग संपूर्ण १ मिलिसेकंद वरखाली हेलकावत राहायचं. हेलकावे थोडे लहान होतात न होतात तोच पुढची उडी. त्या हेलकाव्यांच्या मधोमध रेघ काढली तर ती मात्र ४ व्होल्टच्या जवळपासच पडायची. म्हणजे सूत्र खोटं नव्हतं, त्याच्यावर दुसरंच काहीतरी स्वार होतं. बाबा रात्री डोकावून म्हणाले, “बाई, हे कायले एवढं हालून राह्यलं?” मी म्हटलं, “तेच पाहून राह्यली, बाबा.”

बाहेरून आलेली गडबड आणि सर्किटचं स्वतःचं रिंगिंग यांत फरक कसा करायचा, हे इथे सांगते, कारण मला त्याचा फार उपयोग झाला. त्रिकोणी लहरीची उंची तीच ठेवून वारंवारता ५०० वरून २५० हर्ट्झ केली. चढ अर्धा झाला आणि मधली रेघ ४ वरून २ व्होल्टवर आली, म्हणजे डिफरन्शिएटर आपलं काम करत होता. हेलकाव्याचा काळ मात्र बदलला नाही, साधारण ८० मायक्रोसेकंदच राहिला. इनपुटशी ज्याचा संबंध नाही, असा स्वतःचा ठेका सर्किटकडे होता. मैत्रिणीने वेगवान आयसी लावून पाहायला सांगितलं. तिच्याकडचा टीएल०७१ लावला. हेलकावे तसेच राहिले, फक्त आणखी जवळजवळ आले. आयसी बदलून हा आजार जात नाही.

कारण शोधताना मी फीडबॅकच्या वाटेने चालत गेले. ऑप-अँपचं आउटपुट Rf मधून मागे येतं आणि इन्व्हर्टिंग पायाशी कपॅसिटरला भेटतं. कपॅसिटरचं दुसरं टोक इंटिग्रेटरच्या आउटपुटला, म्हणजे जवळजवळ शून्य ओहमच्या उगमाला जोडलेलं. म्हणून फीडबॅकला दिसतो तो Rf आणि जमिनीला लावलेला C. ही जोडी १५९ हर्ट्झच्या वर सिग्नल लहानही करते आणि ९० अंशांपर्यंत उशिराही पोहोचवते. ७४१ स्वतः, आतल्या कॉम्पेन्सेशनमुळे, ५ हर्ट्झच्या पुढे आणखी ९० अंश उशीर करतो. दोन्ही मिळून १८० अंशांच्या जवळ. उणे म्हणून पाठवलेला फीडबॅक पोहोचेपर्यंत जवळपास अधिक झालेला असतो. बैलबंडीचा कासरा ओढल्यावर बैल उशिरा वळत असेल, तर बंडी एकदा या चाकोरीबाहेर आणि एकदा त्या चाकोरीबाहेर जात राहते, तसं हे आहे.

हा उशीर कुठे नडतो तेही काढता येतं. लूप गेन, म्हणजे ऑप-अँप आणि फीडबॅकची एक फेरी मारल्यावर सिग्नल किती पट होतो तो आकडा, जिथे १ होतो ती वारंवारता म्हणजे १५९ हर्ट्झ आणि ७४१ चा स्वतःचा गेन १ वर येतो ती १ मेगाहर्ट्झ यांच्या गुणाकाराचं वर्गमूळ. ते येतं १२.६ किलोहर्ट्झ. १२.६ किलोहर्ट्झचा एक फेरा म्हणजे ७९ मायक्रोसेकंद. पडद्यावरचे ८० मायक्रोसेकंद हेच होते! कागदावरचा आकडा आणि स्कोपवरचा आकडा जुळला तेव्हा इतका आनंद झाला की रात्रीच दोघी मैत्रिणींना फोन केला. त्या ठिकाणी फेज मार्जिन, म्हणजे उशीर १८० अंशांवर पोहोचायला उरलेलं अंतर, एक अंशही उरत नाही. हेलकावा विरायचा टाइम कॉन्स्टंट २ मिलिसेकंद येतो आणि आमची अर्धी लहर १ मिलिसेकंदाची. म्हणून तो कधी विरतच नव्हता.

मग लॅबमध्ये तो पाव मिलिसेकंदात का विरला? पुढच्या आठवड्यात जनरेटरच्या पॅनेलवर पाहिलं. आउटपुट सॉकेटखाली लिहिलेलं होतं, ६०० ओहम. जनरेटरच्या आतच कपॅसिटरच्या सिरीजमध्ये एक रेझिस्टर बसलेला होता, आपल्या आकृतीत न दिसणारा. त्यानेच लॅबमधलं सर्किट निम्मं-शिम्मं सावरलं होतं. मला या प्रोजेक्टमधली सगळ्यात मोलाची गोष्ट हीच वाटते. तुमच्या लॅबमध्ये ५० ओहमचा जनरेटर असेल तर त्याच सर्किटचं चित्र बरंच वाईट दिसेल, आणि शेजारच्या टेबलाशी तुलना करून काही हाती लागणार नाही. प्रयोग सुरू करण्याआधी जनरेटरच्या आउटपुटचा ओहम वहीत लिहावा.

मार्चमध्ये मुद्दाम सिरीज रेझिस्टर लावायला घेतले. कपॅसिटरच्या अलीकडे R1 बसवला की १५९ हर्ट्झच्या वर फीडबॅक पाहतो Rf आणि C, पण आणखी वर गेल्यावर C जवळजवळ शॉर्ट होतो आणि उरतात Rf आणि R1. दोन नुसते रेझिस्टर सिग्नल लहान करतात, पण उशीर करत नाहीत. उशिराचे गेलेले ९० अंश परत मिळतात. ते १२.६ किलोहर्ट्झच्या आधी किंवा तिथे तरी मिळायला हवेत. म्हणून R1 आणि C ची जोडी तिथे बसवली:

```
R1 = 1 / (2π × 12600 × 0.01e-6) ≈ 1260 Ω
```

ही किमान गरज. प्रत्यक्ष लावून पाहिलं तर १०० ओहमने फारसा फरक पडला नाही, हेलकावे अर्ध्या लहरीपर्यंत टिकले. १ किलोओहमवर उडीनंतर एक फुगवटा राहिला, ४ ऐवजी ६ व्होल्टपर्यंत जाणारा, आणि त्यानंतर एक लहानसा खळगा. २.२ किलोओहमवर कोपरा स्वच्छ आला, आउटपुट पन्नास-साठ मायक्रोसेकंदांत ४ व्होल्टवर येऊन थांबलं. जास्त लावला तर आणखी चांगलं होईल का, म्हणून १० किलोओहमही लावला. तिथे हेलकावा अजिबात नाही, पण आता कोपरा गोल झाला. R1 आणि C चा टाइम कॉन्स्टंट १०० मायक्रोसेकंद झाल्यामुळे सपाट रेघ यायलाच अर्धा मिलिसेकंद जाऊ लागला, म्हणजे अर्धी चढण वाया. माझ्यासाठी २.२ ठरला.

R1 लावल्यावर ४ व्होल्ट कमी होतील अशी शंका आमच्या गटात सगळ्यांनाच होती, कारण रेझिस्टर आला की व्होल्टेज पडणार. पडतं, पण मोजून पाहा. रॅम्प स्थिर चालू असताना करंट ४० मायक्रोअँपिअर, २.२ किलोओहमवर पडतात ८८ मिलिव्होल्ट. आणि ते ८८ मिलिव्होल्ट संपूर्ण चढणीत तेवढेच राहतात. कपॅसिटरला इनपुटपेक्षा ८८ मिलिव्होल्ट खालून चढणारा रॅम्प मिळतो, पण चढ तोच, सेकंदाला ४००० व्होल्ट. करंट चढावर ठरतो, उंचीवर नाही. म्हणून आउटपुट उणे ४ च राहतं. R1 फक्त तिथपर्यंत जायची वाट ठरवतो, मुक्काम नाही. मी १ किलो, २.२ किलो आणि १० किलोओहम, तिन्हींसाठी सपाट भाग मीटरऐवजी स्कोपवर मोजला. तिन्ही वेळा रेघ त्याच घरावर होती. हा तक्ता भाग ‘ब’मध्ये जरूर घाला.

R1 चा दुसरा उपयोग मला शेजारच्या वावरातल्या पंपाने दाखवला. R1 नसताना कृषी पंपाचा स्टार्टर लागला की पडद्यावर सुया उभ्या राहायच्या आणि त्यांच्यामागे पुन्हा तेच ८० मायक्रोसेकंदांचे हेलकावे. ठिणगीत सगळ्या वारंवारता थोड्याथोड्या असतात, आणि R1 शिवाय १२.६ किलोहर्ट्झच्या ठिकाणी सर्किटचा गेन हजारोंच्या घरात जातो. २.२ किलोओहम लावला की गेनला Rf भागिले R1, म्हणजे ४५ चं छप्पर बसतं. सुया तरीही दिसतात, पण लहान, आणि मागे शेपूट नाही. याची मर्यादाही ध्यानात ठेवा. R1 आणि C मुळे ७.२ किलोहर्ट्झच्या वर सर्किट डिफरन्शिएटर राहत नाही, साधा इन्व्हर्टिंग अँप्लिफायर होतो. म्हणून इनपुट त्याच्या बरंच खाली ठेवावं. माझं ५०० हर्ट्झचं होतं.

एप्रिलमध्ये तोंडी झाली. यादीत माझा नंबर शेवटाकडे होता, सकाळपासून बसून दुपार झाली. फाइल, प्रमाणपत्राचं पान, साप्ताहिक तक्ता, सगळ्यांवर सह्या आहेत का ते आधी क्लार्ककाका पाहतात, मग आत पाठवतात. माझ्या पुढच्या मुलाला एका सहीसाठी परत जावं लागलं. सह्यांची पानं वेगळी चिकटपट्टी लावून ठेवली तर पटकन दाखवता येतात.

एक्स्टर्नल सरांनी सर्किट चालू करायला लावलं, R1 काढायला सांगितला आणि विचारलं, “आता काय दिसेल?” लॅबचा जनरेटर ६०० ओहमचा असल्याने हेलकावे तीन-चारच दिसतील, असं मी सांगितलं, आणि घरच्या जनरेटरवर घेतलेला फोटो फाइलमध्ये दाखवला. त्यांनी तो बराच वेळ पाहिला. मग विचारलं, “Rf च्या समांतर छोटा कपॅसिटर का लावतात?” हा प्रश्न जवळपास सगळ्यांना विचारला जातो. R1 ने गेन वाढायचा थांबतो, पण वरच्या वारंवारतांना तो ४५ वरच सपाट राहतो. Rf ला समांतर Cf लावला की तिथून पुढे गेन उतरायला लागतो आणि नॉइज आणखी कमी होतो. पुस्तकी नियम असा की R1 गुणिले C आणि Rf गुणिले Cf सारखे ठेवायचे. माझ्या किमतींना ते २२ मायक्रोसेकंद होतात, म्हणून Cf २२० पिकोफॅरड. रॅम्पच्या सपाट भागावर त्याचाही परिणाम नाही, कारण तिथे आउटपुट बदलतच नाही आणि Cf मधून करंट जात नाही.

फाइल जमा करताना पोच मिळत नाही आणि फाइल परतही मिळत नाही. स्कोपचे फोटो आणि R1 चा तक्ता यांची झेरॉक्स आदल्या दिवशीच काढून ठेवा. आमच्या तालुक्याला कॉलेजजवळचं झेरॉक्सचं दुकान सबमिशनच्या दिवशी सकाळपासून भरलेलं असतं, आणि वीज गेली की दुपारपर्यंत बंद.